ॲपवर ३,००० असताना वेबसाइटवर २,५०० का लावता येत नाहीत

प्रश्न: तारकर्लीला १२ खोल्यांचं हॉटेल यंदा सुरू केलं. खोलीचा दर ३,००० ठेवलाय, ॲपवरही तोच. ॲपच्या बुकिंगमागे हातात जेमतेम २,३०० पडतात. म्हणून आमच्या वेबसाइटवर २,५०० लावले, तर ॲपच्या माणसाचा फोन आला की पॅरिटी मोडलीत, दर सारखा करा. हॉटेल माझं, खोली माझी, मग थेट येणाऱ्याला स्वस्त द्यायला यांची परवानगी कशाला? आणि कालच एका पाहुण्याने ॲपवर आमचीच खोली २,४३० ला दाखवली. मी तर हा दर कुठेच लावलेला नाही. नक्की काय चाललंय?

उत्तर:

आधी त्या २,३०० चा हिशोब नीट मांडू. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे आणि बहुतेक नवे मालक तो अर्धाच मांडतात.

तुमच्या आकड्यांवरून तुमचं कमिशन २० टक्के दिसतंय. आपल्याकडे लहान हॉटेलांना साधारण १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान करार मिळतात, त्यामुळे हे काही वेगळं नाही. ३,००० वर २० टक्के म्हणजे ६००. पण ॲप तुम्हाला जी सेवा देतं तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे या ६०० वर आणखी १०८. एकूण ७०८ गेले, उरले २,२९२.

ते १०८ रुपये परत मिळतील असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ती जुनी गोष्ट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत तुमच्या दराच्या खोलीवर १२ टक्के जीएसटी होता आणि खर्चावर भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येत होतं. त्या तारखेपासून एका दिवसाला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर झाला, पण क्रेडिट बंद झालं. पाहुण्याला खोली स्वस्त पडली हे चांगलंच झालं. तुमच्या बाजूने मात्र कमिशनवरचा जीएसटी आता निव्वळ खर्च आहे. करारावर २० टक्के लिहिलेलं असलं तरी तुम्हाला पडतं २३.६ टक्के. करार १५ चा असेल तर १७.७, आणि २५ चा असेल तर २९.५. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि दर ठरवताना तोच वापरा. (ख्रिसमस ते ३१ डिसेंबरच्या दिवसांत दर ७,५०० च्या वर नेणार असाल तर त्या खोल्यांना १८ टक्के आणि क्रेडिट असा वेगळा नियम लागतो. तेवढ्यापुरतं तुमच्या सीएंशी बोलून घ्या.)

ॲपच्या हिशोबात आणखी दोन कपाती दिसतील. जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का, म्हणजे १५ रुपये, आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का, म्हणजे ३ रुपये. हे खर्च नाहीत. टीसीएस तुमच्या जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये जमा होतो, टीडीएस आयकरात वळता होतो. मात्र दोन्ही आपोआप खिशात येत नाहीत, रिटर्न भरताना ते घ्यावे लागतात. महिनोन्‌महिने टीसीएस न उचललेली हॉटेलं मी पाहिली आहेत. पाहुण्याकडून घेतलेला ५ टक्के जीएसटी, म्हणजे १५० रुपये, ॲप तुम्हाला देतं आणि तो तुम्ही सरकारला भरायचा असतो. त्यामुळे बँकेत आलेली रक्कम बघून ‘एवढे मिळाले’ असं धरू नका. त्या बुकिंगचे बँकेत २,४२४ येतील. त्यात १५० सरकारचे आहेत, आणि कापलेले १८ नंतर तुम्हाला मिळणार आहेत. तुमचे खरे २,२९२.

इथे एक चूक फार होते. मालक म्हणतो, मला ३,००० हातात हवेत, ॲप २० टक्के घेतं, तर ॲपवर ३,६०० लावू. ३,६०० मधून २३.६ टक्के गेले की उरतात २,७५०. कमिशन वरच्या आकड्यावर लागतं, खालच्या नाही. ३,००० हातात हवे असतील तर ३,००० ला ०.७६४ ने भागायचं. येतात ३,९२७.

थेट बुकिंगही फुकट नसतं, हे इथेच सांगतो. वेबसाइटवर कार्डाने पैसे घेतले तर पेमेंट गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. शिवाय गेटवे करासकट रकमेवर पैसे लावतो. धरून चाला की खोलीच्या दराच्या अडीच टक्के. यूपीआयने घेतलं तर त्याहून कमी. वेबसाइटवर बुकिंग घेणाऱ्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे बुकिंग इंजिनचं भाडं, जाहिरात, फोन उचलायला बसवलेला माणूस हे वेगळं. तरीसुद्धा २३.६ आणि अडीच यांत जी दरी आहे, सगळं भांडण त्या दरीवरून आहे.

आता पॅरिटीकडे येऊ. समजा पगार, वीज, लाँड्री, कर्जाचा हप्ता सगळं धरून तुम्हाला प्रत्येक विकल्या गेलेल्या खोलीमागे सरासरी २,६०० हातात पडायला हवेत. दर हवे तसे ठेवायची मुभा असती तर तुम्ही ॲपवर ३,४०३ लावले असते आणि थेट येणाऱ्याला २,६६७. दोघांकडून तुम्हाला तेच २,६०० मिळाले असते. ॲपने सोय करून दिली, तिचे पैसे ॲपवरून येणाऱ्याने भरले. ज्याने तुम्हाला थेट फोन केला त्याने ते भरले नाहीत.

पॅरिटी म्हणजे दोन्हीकडे एकच आकडा. तो किती ठेवावा लागेल हे तुमचे पाहुणे कुठून येतात त्यावर ठरतं. शंभरातले ६० ॲपवरून आणि ४० थेट येत असतील तर सरासरी २,६०० मिळायला दर ३,०६५ च्या आसपास ठेवावा लागतो. म्हणजे थेट येणारा पाहुणा २,६६७ ऐवजी ३,०६५ देतो. ॲपचं तोंडही न पाहिलेला माणूस ॲपच्या कमिशनपोटी एका रात्रीमागे ४०० रुपये भरतो. आणि ॲपवरचा पाहुणा ३,४०३ ऐवजी ३,०६५ देतो, म्हणून त्याला ॲप स्वस्त वाटतं. तुमचा थेट दर वर का जातो, याचं उत्तर एवढंच आहे: सगळ्यात महागड्या वाटेचा खर्च सगळ्या वाटांवर सारखा वाटला जातो.

याचा दुसरा परिणाम हळूहळू होतो आणि तो जास्त वाईट आहे. दोन्हीकडे दर सारखाच असेल तर पाहुण्याने तुमच्या वेबसाइटवर का यावं? ॲपवर त्याचं कार्ड साठवलेलं आहे, रद्द करणं सोपं आहे, वर पॉइंट मिळतात. तो तिकडेच जातो. ६० चे ७५ होतात, मग तोच एक दर तुम्हाला आणखी वर न्यावा लागतो. उलट थेट येणारे ७० पर्यंत नेता आले तर तेच २,६०० मिळवायला दर २,८५२ पुरतो. बरीच वर्षं चाललेली, नेहमीच्या पाहुण्यांची घरगुती हॉटेलं नव्या हॉटेलांपेक्षा कमी दरात तगतात, त्यामागे हा एक मोठा भाग आहे.

ॲपला हे कलम का हवं असतं, हेही समजून घ्या, कारण त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. ते जाहिरातीवर पैसा ओततात, पाहुण्याला तुमचं हॉटेल दाखवतात. त्याने फोटो, रिव्ह्यू तिथे वाचायचे आणि बुकिंग तुमच्याकडे २,५०० ला करायचं, असं झालं तर त्यांची मेहनत फुकट जाते. ही तक्रार खरी आहे. पण त्याच कलमामुळे आणखी काही घडतं ते ते सांगत नाहीत. उद्या एखादं नवं ॲप आलं आणि म्हणालं, मी १० टक्केच घेतो, तुम्ही माझ्याकडे दर कमी ठेवा, तर मोठ्या ॲपबरोबरच्या कलमामुळे तुम्हाला ते करता येत नाही. मग कमिशन कमी करून नव्या ॲपला फायदा काय? कमिशनवर स्पर्धाच होत नाही आणि ते वर टिकून राहतं.

म्हणूनच या कलमांचे दोन प्रकार वेगळे धरतात. रुंद पॅरिटी म्हणजे इतर कुठल्याही ॲपवर आमच्यापेक्षा स्वस्त द्यायचं नाही. अरुंद पॅरिटी म्हणजे निदान तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवर तरी आमच्यापेक्षा स्वस्त दाखवायचं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटींचा आणि ओयोला १६८.८८ कोटींचा दंड लावला, तेव्हा मेकमायट्रिप-गोआयबिबोला हॉटेलांबरोबरच्या करारांतून इतर ॲपच्या संदर्भातली दराची आणि खोल्यांच्या उपलब्धतेची पॅरिटी काढून टाकायला सांगितली होती. ‘इतर ॲपच्या संदर्भातली’ हे शब्द नीट वाचा. तो आदेश रुंद पॅरिटीबद्दल आहे. तुमच्या वेबसाइटचा प्रश्न त्यात थेट सुटत नाही, आणि वेगळ्या कंपनीबरोबरचा तुमचा करारही त्यामुळे आपोआप बदलत नाही.

युरोपात याच्या पुढे पाऊल पडलं. फ्रान्सने २०१५ मध्ये कायद्याने अशी कलमं रद्द केली. जर्मनीच्या स्पर्धा कार्यालयाने त्याच वर्षी बुकिंग डॉट कॉमच्या अरुंद पॅरिटीवरही बंदी घातली आणि २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारांच्या नव्या कायद्याखाली त्या कंपनीला तिथली पॅरिटी सोडावी लागली. एखादा नातेवाईक जर्मनीतून सांगेल की इकडे हॉटेलं वेबसाइटवर सर्रास स्वस्त देतात. बरोबरच आहे. पण तो नियम तिकडचा आहे, तारकर्लीतल्या करारावर त्याचा उपयोग नाही.

तुम्ही पहिल्यांदा करायची गोष्ट म्हणजे करार उघडून ते कलम वाचणं. दुकान मांडायच्या गडबडीत ऑनलाइन ‘मान्य आहे’ दाबलेलं असतं आणि कलम कुणीच वाचलेलं नसतं. त्यात तीन गोष्टी शोधा. पॅरिटी फक्त दराची आहे की खोल्यांची आणि अटींचीही आहे. म्हणजे शेवटची खोली आधी त्यांना दाखवायची सक्ती आहे का, रद्द करण्याची मुदत त्यांच्याकडे तुमच्याइतकीच सैल हवी का. दुसरं, ती ‘सार्वजनिक’ किंवा ‘ऑनलाइन जाहीर’ दराबद्दल आहे का. हा शब्द तुमच्या फार कामाचा आहे, त्याकडे पुढे येतो. तिसरं, कमिशन करासकट रकमेवर लागतं की कर वगळून.

करार न पाळल्याबद्दल लहान हॉटेलाला कोर्टाची नोटीस येते असं मी सहसा पाहिलेलं नाही. शिक्षा यादीत होते. ॲपची यंत्रणा तुमचा वेबसाइटचा आणि गूगलवरचा दर सतत तपासत असते. फरक दिसला की आधी फोन येतो, मग तुमचं हॉटेल यादीत खाली घसरतं किंवा नावापुढचा पसंतीचा बिल्ला जातो. तारकर्ली शोधणारा माणूस पहिल्या पंधरा-वीस नावांच्या खाली क्वचित उतरतो. त्यामुळे कलम कायद्याने टिको न टिको, यादीतली जागा हेच त्यांचं खरं हत्यार आहे. हे गृहीत धरूनच वागावं लागतं.

आता ते २,४३०. हा आकडा मला ओळखीचा वाटला, म्हणून मागे मोजून पाहिला. ३,००० मधून १० टक्के गेले की २,७००. त्यातून पुन्हा १० टक्के गेले की बरोबर २,४३०. नोंदणी करताना, किंवा नंतर ‘जास्त दिसण्यासाठी हे सुरू करा’ असा मेसेज आल्यावर, तुमच्याकडून दोन योजना सुरू झालेल्या दिसतात. एक सदस्यांसाठीची सवलत, एक मोबाइलवरून बुक करणाऱ्यांसाठीची. बुकिंग डॉट कॉमवर जीनियस सदस्यांची सवलत १० टक्क्यांपासून सुरू होते आणि मोबाइल दराचीही तशीच. इतर ॲपवरही याच धर्तीच्या योजना वेगळ्या नावांनी आहेत. यांतली बहुतेक सवलत तुमच्या खिशातून जाते, आणि त्या एकावर एक चढतात.

त्या २,४३० मधून तुम्हाला किती मिळाले? कमिशन ४८६, त्यावर जीएसटी ८७ रुपये ४८ पैसे. उरले १,८५६. तुम्ही मात्र २,२९२ मिळतात या समजुतीवर महिन्याचा हिशोब मांडताय. वेबसाइटवर तुम्ही पॅरिटी पाळून प्रामाणिकपणे ३,००० दाखवले, आणि ॲप त्याच खोलीचे २,४३० दाखवतंय. पॅरिटीचं बंधन तुमच्यावर आहे, ॲपवर नाही. मला या सगळ्या व्यवस्थेत खटकतं ते हेच.

ॲपवर तुमच्यापेक्षा कमी दर दिसण्याची कारणं तीन असतात आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे, म्हणून आधी कारण ओळखायला हवं. फोनवर गुप्त विंडो उघडा, लॉगिन न करता तुमचं हॉटेल शोधा. साधा बुधवार घ्या, दोन माणसं, एक रात्र, नाश्त्यासकट, आणि शेवटच्या पानापर्यंत जाऊन करासकट आकडा लिहून घ्या. मग तीच तारीख लॅपटॉपवर, मग लॉगिन करून ॲपमध्ये. प्लॅन आणि रद्द करण्याची अट तीच आहे ना हे प्रत्येक वेळी बघा. खोली नाश्त्यासकट एकीकडे आणि नुसती खोली दुसरीकडे, अशी तुलना करून घाबरलेले मालक खूप भेटतात.

मग त्या बुकिंगचं व्हाउचर उघडा. त्यात विक्रीचा दर, हॉटेलने दिलेली सवलत, कमिशन आणि तुम्हाला देय रक्कम वेगवेगळी असते. हॉटेलच्या सवलतीच्या ओळीत आकडा असेल तर योजना तुमची आहे. एक्स्ट्रानेटमध्ये, म्हणजे ॲपने हॉटेलमालकाला दिलेल्या लॉगिनमध्ये जाऊन चालू प्रमोशनची यादी काढा आणि जी तुम्ही जाणूनबुजून लावलेली नाही ती बंद करा. लगेच फोन येईल की तुमचं दिसणं कमी होईल. थोडं होईलही. पावसाळ्यातल्या रिकाम्या आठवड्यांत एखादी योजना ठेवणं शहाणपणाचं आहे, पण दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा खोली तशीही जाणार आहे, तेव्हा ती चालू राहणं म्हणजे नुसतं नुकसान.

पाहुण्याने कमी दिले आणि व्हाउचरमध्ये तुमची देय रक्कम मात्र पूर्ण ३,००० च्या हिशोबाने आली असेल, तर ॲपने स्वतःच्या कमिशनमधून दर पाडला आहे, किंवा बँकेच्या कार्डाची सवलत आहे. यात तुमचे पैसे गेले नाहीत, पण तुमची वेबसाइट महाग दिसली आणि पुढचा पाहुणाही तिकडे गेला. अशा वेळी स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट ठेवा आणि त्यांच्या माणसाला लिहून पाठवा: तुम्ही माझ्या दराखाली विकताय, पॅरिटी तुमच्याकडून मोडली आहे. ते नेहमी ऐकतील असं नाही, पण पुढच्या वेळी ते पॅरिटीवरून तुम्हाला धरतात तेव्हा हे कागद उपयोगी पडतात.

तिसरं कारण गुंतागुंतीचं आहे. तुम्ही मुंबई-पुण्याच्या एखाद्या टूर एजंटला ग्रुपसाठी २,००० चा निव्वळ दर दिलेला असतो. तो दर कुठल्यातरी घाऊक विक्रेत्याकडे जातो, तिथून अनोळखी संकेतस्थळावर, आणि २,३०० ला जाहीर दिसू लागतो. मोठं ॲप तेही शोधून काढतं आणि दोष तुमच्या माथी येतो. गणपतीपुळ्याच्या एका ओळखीच्या हॉटेलात हे झालं, तेव्हा त्यांनी त्या संकेतस्थळावरून स्वतःच एक रात्र बुक केली आणि हॉटेलच्या मेलवर व्हाउचर कोणाच्या नावाने येतं याची वाट पाहिली. त्यांच्याच जुन्या एजंटचं नाव आलं. त्यानंतर एजंटांना निव्वळ दर देताना ते लेखी घालतात: फक्त पॅकेजमध्ये, वाहतूक किंवा जेवणासोबत विकायचा, सुट्टी खोली म्हणून ऑनलाइन दाखवायचा नाही. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तसंच करा.

आता थेट येणाऱ्याला काय द्यायचं. वेबसाइटवर त्याच खोलीला त्याच अटीवर २,५०० दाखवून ॲपशी उघड वैर घेऊ नका. पहिल्या वर्षी तुम्हाला त्यांच्या यादीची गरज आहे. त्याऐवजी जाहीर दर दोन्हीकडे सारखा ठेवा आणि तुमच्याजवळच्या वस्तू बदला. ॲपवर नुसती खोली आणि नाश्ता, म्हणजे सीपी प्लॅन, एवढंच ठेवा. वेबसाइटवर एमएपीचं पॅकेज ठेवा: खोली, नाश्ता, रात्रीचं माशाचं जेवण, कुडाळ स्टेशनवरून आणणं. ती वेगळी वस्तू आहे, तिची तुलना त्या ३,००० शी होत नाही. दोन माणसांच्या जेवणाचं सामान तुम्हाला ४०० ला पडत असेल तर पाहुण्याच्या नजरेत त्याची किंमत त्याहून बरीच जास्त आहे. तुम्ही वाचवलेल्या ७०८ मधलाच काही भाग तुम्ही त्याला वस्तूंच्या रूपात परत देताय. तुमच्याकडे समुद्राच्या बाजूच्या दोन-चार खोल्या असतील तर तो प्रकार ॲपवर नोंदवूच नका. जी खोली तिथे नाहीच तिच्या दराची पॅरिटी कशी मोजणार? फक्त करारात सगळे प्रकार द्यायची सक्ती नाही ना, हे आधी बघा.

आणि इथे तो ‘सार्वजनिक’ शब्द कामाला येतो. पॅरिटीची कलमं सहसा जाहीर दिसणाऱ्या दराला लागतात. फोनवर, व्हॉट्सॲपवर, एकदा राहून गेलेल्या पाहुण्याला मेसेजने पाठवलेला दर जाहीर नसतो. तुमचा करार तसं म्हणत असेल तर जुन्या पाहुण्याला २,६०० ला खोली द्या, बिनधास्त द्या. तुम्हाला त्यातून ॲपच्या ३,००० पेक्षा जास्त उरतात. मात्र तोच दर इन्स्टाग्रामच्या पोस्टवर टाकलात तर तो जाहीर झाला.

यासाठी पाहुण्याचा स्वतःचा नंबर लागतो. ॲप अनेकदा नंबर आणि मेल झाकून देतं, पण चेक-इनच्या वेळी रजिस्टरमध्ये तुम्ही तो घेताच. त्याला विचारून ठेवा की पुढच्या हंगामाचे दर पाठवले तर चालतील का. जाताना हॉटेलचं कार्ड द्या, त्यावर वेबसाइट आणि नंबर. एक गोष्ट मात्र करू नका: दारात आलेल्या पाहुण्याला ‘ॲपवरचं रद्द करा, मी स्वस्त देतो’ म्हणणं. तो सरळ कराराचा भंग आहे, पाहुणा रिव्ह्यूमध्ये लिहितो, आणि रद्द झालेल्या बुकिंगची संख्या ॲपला दिसतेच. पहिल्या भेटीचं कमिशन हे त्या पाहुण्याला तुमच्यापर्यंत आणल्याचे पैसे समजा आणि पूर्ण द्या. तोच माणूस दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ॲपवरूनच आला तर मात्र ७०८ प्रत्येक रात्री वाया गेले.

शेवटी गूगल. तुमच्या हॉटेलचं नाव टाइप करून बघा. खूपदा सगळ्यात वर ॲपची जाहिरात असते, तुमच्याच नावावर. म्हणजे नावानिशी तुम्हाला शोधत आलेला माणूसही २३.६ टक्क्यांच्या वाटेने वळवला जातो. गूगल बिझनेस प्रोफाइल स्वतःच्या ताब्यात घ्या, त्यावरचा फोन आणि वेबसाइटची लिंक तुमचीच आहे याची खात्री करा. २०२१ पासून गूगल हॉटेलांना दरांच्या यादीत स्वतःच्या वेबसाइटची लिंक फुकट दाखवू देतं. तुमचं बुकिंग इंजिन गूगलशी जोडलेलं हवं, एवढीच अट, म्हणून इंजिन निवडताना हे आधी विचारा. एक लक्षात असू द्या: त्या यादीत तुमचा दर ॲपच्या दरांशेजारीच दिसतो. दोन्ही योजना बंद न करता तिथे गेलात, तर ३,००० च्या शेजारी २,४३० दिसतील. त्यामुळे क्रम असा ठेवा: आज रात्री प्रमोशनची यादी काढा, उद्या वेबसाइटचा दर पुन्हा ३,००० करून पॅकेज वेगळं लावा, चार-पाच दिवसांनी गुप्त विंडोतून दर पुन्हा तपासा, आणि दोन्हीकडचे आकडे जुळल्यावरच गूगलची लिंक सुरू करा.